तरंगलांबी वजा करू नकोस, ऊर्जा वजा कर: वर्क फंक्शनवरून थ्रेशोल्ड आणि कमाल गतिज ऊर्जा

प्रश्न: मॅडम, मी कळव्याला राहते, बारावी सायन्सला आहे. गणित असं: धातूचं वर्क फंक्शन २.३० ईव्ही, त्यावर ४०० नॅनोमीटरचा प्रकाश पडतो. थ्रेशोल्ड वेव्हलेंथ आणि इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा काढा. थ्रेशोल्ड माझी ५३९ आली, ती बरोबर आहे. मग ५३९ मधून ४०० वजा केले, १३९ आले, १२४० ला १३९ ने भागलं तर ८.९ ईव्ही येतं. उत्तर ०.८० दिलंय. मैत्रिणीचं ०.८१ येतं, ते का? ६०० नॅनोमीटर घेतलं तर उत्तर उणे येतं, तेव्हा काय लिहायचं? आणि दादाच्या बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये ग्राफवरून वर्क फंक्शन १.५ आलं, सीझियमचं तर पुस्तकात २.१४ आहे. त्याचं प्रॅक्टिकल चुकलं का?

उत्तर:

८.९ हा आकडा बघताक्षणी खटकायला हवा होता. ४०० नॅनोमीटरच्या फोटॉनकडे एकूण ऊर्जाच ३.१० ईव्ही असते. त्यातून धातूने आपला वाटा कापून घेतल्यावर इलेक्ट्रॉनच्या हातात ८.९ उरतील कुठून? गणित सुटलं की हा एक ताळा करायचाच: इलेक्ट्रॉनची ऊर्जा फोटॉनच्या ऊर्जेपेक्षा जास्त आली तर पुढचं काही तपासत बसू नकोस, मांडणीच चुकलेली असते.

तुझी चूक नेमकी कुठे आहे ते भाजीबाजारात पटकन दिसतं. जांभळी नाक्यावर एक जण शंभर रुपयांना वीस लिंबं देतो, शेजारचा पंचवीस देतो. दोघांच्या एका लिंबाच्या भावात फरक किती? पहिल्याचं लिंबू पाच रुपयांना, दुसऱ्याचं चार रुपयांना, म्हणजे फरक एक रुपया. तू जे केलंस ते असं झालं: पंचवीसातून वीस गेले, पाच उरले, शंभर भागिले पाच, म्हणून फरक वीस रुपये! नगांची वजाबाकी करून तिने भागलं की भावातला फरक मिळत नाही. आधी दोन्हीकडचा भाव काढायचा, मग वजाबाकी.

इथे तरंगलांबी म्हणजे नगांची संख्या आणि ऊर्जा म्हणजे भाव. फोटॉनची ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, E = hc/λ. आईनस्टाईनने १९०५ मध्ये मांडलेलं समीकरण हे ऊर्जेच्या हिशोबाचं समीकरण आहे. एक फोटॉन आपली सगळी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनला देतो, त्यातली वर्क फंक्शन φ एवढी धातूबाहेर पडण्यात खर्च होते आणि उरलेली इलेक्ट्रॉनच्या वेगात दिसते:

K_max = hc/λ − φ

थ्रेशोल्ड म्हणजे ही शिल्लक नेमकी शून्य होण्याची जागा. तिथे hc/λ₀ = φ, म्हणून λ₀ = hc/φ. hc ची किंमत इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि नॅनोमीटरमध्ये १२४० घेतली की तुझं गणित दोन ओळींत संपतं:

λ₀ = १२४० ÷ २.३० = ५३९ nm

K_max = १२४० ÷ ४०० − २.३० = ३.१० − २.३० = ०.८० eV

λ₀ आधी काढून ठेवलीस म्हणून ती पुढच्या पायरीत वापरलीच पाहिजे असं नाही. ऊर्जेसाठी φ थेट घे. गणितात φ न देता फक्त λ₀ दिली असेल तेव्हा मात्र ती घ्यावी लागते, आणि तेव्हा सूत्र असं होतं:

K_max = hc (१/λ − १/λ₀) = hc (λ₀ − λ) / (λ λ₀)

बघ, तुझे १३९ इथे आहेत, पण अंशात. छेदात दोन्ही तरंगलांब्यांचा गुणाकार आहे. १२४० × १३९ भागिले (४०० × ५३९) केलंस तर पुन्हा ०.८० च येतात.

आपण वापरतोय ते सूत्र बरोबर आहे की नाही हे आकडे न घालताही कळतं. प्रकाशाची तरंगलांबी सरकवत λ₀ च्या अगदी जवळ ने. तिथे इलेक्ट्रॉनची ऊर्जा शून्याकडे जायला हवी, कारण शिल्लक संपत आलेली असते. तुझ्या सूत्रात λ₀ − λ छेदात आहे, तो शून्याकडे जातो आणि उत्तर अनंताकडे धावतं. म्हणजे उंबरठ्याशी, जिथे इलेक्ट्रॉन जेमतेम बाहेर पडतो, तिथेच तुझं सूत्र त्याला सर्वांत जास्त वेग देतं. परीक्षेत सूत्र नीट आठवत नसेल तेव्हा हा ताळा लाखमोलाचा.

आता मैत्रिणीच्या ०.८१ कडे. तिचं चुकलेलं नाही. ती बहुतेक बोर्डाच्या पद्धतीने, जूलमध्ये गेली असणार: h = ६.६३ × १०⁻³⁴, c = ३ × १०⁸, आणि ईव्हीचे जूल करायला १.६ × १०⁻¹⁹. या तिन्ही किमती थोड्या थोड्या गोलाई केलेल्या आहेत, आणि त्या एकत्र आल्या की hc ची किंमत १२४० न राहता १२४३ होते. खरी किंमत १२३९.८ च्या आसपास आहे. १२४३ ला ४०० ने भागलं की ३.१०८, त्यातून २.३० गेले की ०.८०८. तेच गोलाई केल्यावर ०.८१.

hc मधला फरक पाव टक्क्याचा आणि उत्तरातला एक टक्क्याचा, असं का झालं? दोन मोठे आणि जवळजवळचे आकडे वजा केले की छोटी शिल्लक उरते, आणि मोठ्या आकड्यातली सगळी चूक त्या छोट्या शिलकीच्या माथी बसते. उंबरठ्याच्या जितकं जवळ जाशील तितकं हे वाढत जातं. याच धातूवर ५३० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टाकून बघ. १२४० ने काढलंस तर ०.०४० ईव्ही, १२४३ ने काढलंस तर ०.०४५. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आणि फरक सुमारे चौदा टक्क्यांचा! आणि १२४० ÷ ५३० ला मध्येच २.३ अशी गोलाई केलीस तर उत्तर शून्य, म्हणजे गणितच गायब. म्हणून मधल्या पायरीत निदान तीन दशांश स्थळं ठेवायची आणि गोलाई शेवटी करायची. बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल वापरताना घाईत नेमकं उलटं होतं. सीईटीला पर्याय पुरेसे लांब असतील तर १२४० डोळे झाकून वापर. मात्र तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये दिली असेल तर १२४०० घ्यायचे, हे विसरलं की फोटॉनची ऊर्जा दहापट चुकते.

जूलमध्ये काम करायचंच असेल तर एक पथ्य पाळ: φ चं रूपांतर पहिल्याच ओळीत उरकून टाक. २.३० × १.६ × १०⁻¹⁹ = ३.६८ × १०⁻¹⁹ जूल. मुलं hc/λ जूलमध्ये काढतात आणि त्यातून सरळ २.३० वजा करतात. मग उत्तर उणे २.३० येतं, कारण १०⁻¹⁹ च्या घरातला आकडा २.३० पुढे दिसतसुद्धा नाही. उत्तर हुबेहूब उणे φ आलं की समजायचं, एककांची गल्लत आहे.

यावरून तुझ्या ६०० नॅनोमीटरच्या प्रश्नाकडे येऊ. १२४० ÷ ६०० = २.०७, त्यातून २.३० गेले की −०.२३. हे उणे एककांच्या गल्लतीचं नाही, हे खरं आहे आणि त्याला अर्थ आहे: फोटॉनची ऊर्जा ०.२३ ईव्हीने कमी पडते, इलेक्ट्रॉन बाहेर पडतच नाही. उत्तरात "K_max = −०.२३ eV" लिहायचं नाही, कारण गतिज ऊर्जा उणे नसते. "K_max = ०" हेसुद्धा लिहायचं नाही. शून्य म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर आला पण थांबलेला आहे, आणि ती स्थिती फक्त λ = λ₀ ला येते. इथे ज्याची ऊर्जा सांगायची तो इलेक्ट्रॉनच नाही. म्हणून सरळ लिही: λ > λ₀, म्हणून उत्सर्जन होणार नाही.

पेपर काढणारे यापुढे हमखास विचारतात: प्रकाशाची तीव्रता दुप्पट केली तर? काही फरक नाही. लेक्चरला वापरतात तो लाल लेझर पॉइंटर ६५० नॅनोमीटरचा धर. समजा त्याची शक्ती ५ मिलीवॅट आहे. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा १.९१ ईव्ही, म्हणजे ३.०६ × १०⁻¹⁹ जूल, म्हणजे त्यातून सेकंदाला सुमारे १.६ × १०¹⁶ फोटॉन बाहेर पडतात. ते सगळे आपल्या धातूवर आदळले तरी प्रत्येक फोटॉन आपापल्या इलेक्ट्रॉनला १.९१ च देतो, आणि दोन फोटॉनांनी एकाच इलेक्ट्रॉनला एकाच क्षणी गाठणं अशा साध्या प्रकाशात घडत नाही म्हटलं तरी चालेल. अतिशय तीव्र, अगदी क्षणभराच्या लेझर स्पंदांनी ते घडवून आणता येतं, पण तो वेगळा विषय.

प्रत्यक्षात उंबरठ्याची कडा सुरीच्या धारेसारखी नसते, हेही सांगून ठेवते. वरच्या मांडणीत धातूतले इलेक्ट्रॉन एका ठराविक पातळीपर्यंतच भरलेले आहेत असं आपण धरतो. खोलीच्या तापमानाला काही इलेक्ट्रॉन या पातळीच्या किंचित वर असतात, ०.०२६ ईव्हीच्या घरात. त्यामुळे λ₀ च्या जरा पलीकडेही अगदी क्षीण प्रवाह दिसू शकतो. या शेपटीचा हिशोब आर. एच. फाउलर यांनी १९३१ मध्ये मांडला. बारावीच्या गणितात याची गरज नाही. पण प्रयोगात "थ्रेशोल्ड नक्की कुठे" हे दोन-चार नॅनोमीटरपर्यंत सांगता येत नाही, त्याचं हे एक कारण.

थ्रेशोल्डचा आकडा नुसता पेपरापुरता नाही, त्यावरून सामान विकत घ्यायचं की नाही ते ठरतं. दरवर्षी कोणी ना कोणी विज्ञान प्रदर्शनासाठी जस्ताची पट्टी आणि इलेक्ट्रोस्कोप घेऊन हाच परिणाम दाखवायचं ठरवतं, आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा घेऊन येतं. त्याची तरंगलांबी साधारण ३६५ ते ३९५ नॅनोमीटर असते. जस्ताचं वर्क फंक्शन ४.३ ईव्हीच्या आसपास, म्हणजे λ₀ = १२४० ÷ ४.३ = २८८ नॅनोमीटर. ३६५ चा फोटॉन ३.४० ईव्हीचा, त्याने काही होणार नाही, दिवा पट्टीला चिकटवून धरला तरी. पाऱ्याच्या जंतुनाशक ट्यूबचा २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश मात्र चालतो. तो ४.८९ ईव्हीचा असतो, जस्ताला देऊन ०.५९ शिल्लक राहते. ही ट्यूब शिक्षकांच्या देखरेखीशिवाय आणि आडोशाशिवाय लावायची नाही, डोळ्यांना आणि कातडीला ती खरोखर इजा करते. ट्यूब आणि पट्टी यांच्यामध्ये खिडकीची साधी काच धरली की परिणाम थांबतो, कारण काच २५४ चा प्रकाश अडवते. पट्टी ऐन वेळी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची आणि इलेक्ट्रोस्कोपला ऋण प्रभार द्यायचा. धन दिलात तर निघालेले इलेक्ट्रॉन परत खेचले जातात आणि पानं हलत नाहीत.

ठाण्यात हे जुलैमध्ये करू नये. हवेत एवढी ओल असते की दिवा न लावताच इलेक्ट्रोस्कोपची पानं मिटू लागतात आणि बघणारे टाळ्या वाजवतात. आधी दिवा बंद ठेवून पानं किती वेळ उघडी राहतात ते बघायचं, मग काच मध्ये धरून दिवा लावायचा, मग काच काढायची. पानं मिटण्याचा वेग फक्त शेवटच्या पायरीत वाढला तरच तो फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट. तिन्ही वेळा सारखाच असेल तर ती पावसाची करामत.

दादाच्या प्रॅक्टिकलकडे जाण्याआधी "कमाल" या शब्दाचा हिशोब पुरा करू. ०.८० ही सगळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा नाही. धातूतला जो इलेक्ट्रॉन भरलेल्या पातळ्यांच्या अगदी वरच्या टोकाला आहे आणि पृष्ठभागापर्यंत कुठेही न धडकता पोचतो, त्यालाच ०.८० मिळते. खालच्या पातळीतल्याला बाहेर पडायलाच जास्त खर्च येतो, आणि वाटेत धडकणारा आणखी गमावतो. त्यामुळे बाहेर येणाऱ्यांमध्ये शून्यापासून ०.८० पर्यंत सगळेच असतात. उलट व्होल्टेज वाढवत गेलं की आधी मंद इलेक्ट्रॉन परततात, मग वेगवान, आणि ०.८० व्होल्टला शेवटचाही परततो. हे स्टॉपिंग पोटेन्शियल V₀. ईव्हीमध्ये काम केल्याचा फायदा हाच की ऊर्जेचा आकडा आणि व्होल्टचा आकडा एकच असतो. वेग विचारला असेल तर मात्र जूलमध्ये यावंच लागतं: ०.८० × १.६ × १०⁻¹⁹ = १.२८ × १०⁻¹⁹ जूल, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.११ × १०⁻³¹ किलो, म्हणून v = √(२K/m), सुमारे ५.३ × १०⁵ मीटर प्रति सेकंद. प्रकाशाच्या वेगाच्या पाचशेव्या भागाहूनही कमी, म्हणून ½mv² बिनधास्त चालतं.

दादाचं प्रॅक्टिकल चुकलेलं नसावं. तू १.५ हा आकडा सांगितलास, त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत.

पहिली म्हणजे त्या ट्यूबमध्ये शुद्ध सीझियम आहे हे कोणी सांगितलं? अशा संचांतल्या कॅथोडवर बहुधा अँटिमनी आणि सीझियमचं संयुग असतं, आणि त्याचं वर्क फंक्शन शुद्ध सीझियमपेक्षा कमी असतं. हे दादाला स्वतःच्या टेबलावरच तपासता येईल. शुद्ध सीझियमचा उंबरठा १२४० ÷ २.१४ = ५७९ नॅनोमीटर. त्या संचात ६३५ चा लाल फिल्टर असतो. फिल्टर लावून, बाजूचा उजेड काळ्या कापडाने झाकूनसुद्धा मायक्रोअँमीटर प्रवाह दाखवत असेल, तर कॅथोडचं वर्क फंक्शन १२४० ÷ ६३५ = १.९५ पेक्षा कमीच असलं पाहिजे. २.१४ चं असतं तर लाल प्रकाशात सुई जागची हलली नसती. म्हणजे पुस्तकातला आकडा इथे लावायचाच नाही, हे एका वाचनावरून सिद्ध होतं.

पुस्तकातले आकडेही जपून वापरावेत. एनसीईआरटीच्या तक्त्यात सोडियम २.७५ आहे, इतर बऱ्याच तक्त्यांत ते २.३ च्या आसपास सापडेल. एकाने λ₀ ४५१ नॅनोमीटर येते, दुसऱ्याने ५३९. वर्क फंक्शन हा पृष्ठभागाचा गुण आहे. पृष्ठभाग किती स्वच्छ, त्यावर ऑक्साइडचा थर आहे का, स्फटिकाची कोणती बाजू वर आहे, यावर ते हलतं. परीक्षेत प्रश्नात दिलेलाच आकडा घ्यायचा, पाठ केलेला नाही.

दुसरी गोष्ट पुस्तकं सहसा सांगत नाहीत. स्टॉपिंग पोटेन्शियल आणि वारंवारता यांच्या ग्राफचा इंटरसेप्ट कॅथोडचं वर्क फंक्शन देत नाही. तो समोर इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या कलेक्टरचं देतो. पहिल्यांदा ऐकलं की कोणाचाच विश्वास बसत नाही, म्हणून तुझ्याच गणितातले आकडे घेऊन दाखवते.

कॅथोड २.३० चा. समजा कलेक्टरचा धातू वेगळा आहे, २.६० चा. दोघांना बाहेरून तारेने आणि व्होल्टमीटरने जोडलं आहे. दोन वेगळे धातू तारेने जोडले की थोडे इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि दोन्हीकडच्या भरलेल्या पातळ्यांची वरची टोकं एका उंचीला येतात. टोकं एका उंचीला आली, पण तिथून बाहेर पडायला एकीकडे २.३० लागतात आणि दुसरीकडे २.६०. म्हणजे कलेक्टरच्या तोंडाशी असलेली बाहेरची जागा कॅथोडच्या तोंडाशी असलेल्या जागेपेक्षा ०.३० ने उंच झाली. व्होल्टमीटर शून्य दाखवत असतानाही ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनला ०.३० चा चढ आहेच. याला कॉन्टॅक्ट पोटेन्शियल म्हणतात.

कॅथोडमधून ०.८० घेऊन निघालेला इलेक्ट्रॉन या चढावर ०.३० आधीच गमावतो. त्याला थांबवायला बाहेरून फक्त ०.५० व्होल्ट पुरतात, आणि मीटरवर दिसतात तेही ०.५०. आता त्यावरून "वर्क फंक्शन" काढ: ३.१० − ०.५० = २.६०. कलेक्टरचा आकडा निघाला. कॅथोडचे २.३० हिशोबातून पार गळून गेले:

eV₀ = hν − φ_कॅथोड − (φ_कलेक्टर − φ_कॅथोड) = hν − φ_कलेक्टर

उतारावर याचा काही परिणाम होत नाही. कॉन्टॅक्ट पोटेन्शियल प्रत्येक रंगाला सारखंच, म्हणून सगळे बिंदू एकत्र खाली किंवा वर सरकतात, रेषा समांतर राहते आणि h/e बरोबर येतं. दादाची वाचनं समजा अशी असतील: ६३५ ला ०.४५ व्होल्ट, ४६० ला १.२० व्होल्ट. वारंवारता अनुक्रमे ४.७२ × १०¹⁴ आणि ६.५२ × १०¹⁴ हर्ट्झ. उतार = ०.७५ ÷ (१.८० × १०¹⁴) = ४.१७ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद. ४.१४ यायला हवा, म्हणजे छान आलाय. आणि इंटरसेप्ट, उतार गुणिले ६३५ ची वारंवारता करून, १.९७ − ०.४५ = १.५२, म्हणजे सुमारे १.५. उतार बरोबर आणि इंटरसेप्ट "चुकीचा" ही जोडी दिसली की बहुतेक वेळा मामला कॉन्टॅक्ट पोटेन्शियलचाच असतो. कलेक्टर कुठल्याही साध्या धातूचा असला तर ४ च्या वर यायला हवं होतं, मग १.५ कसं? ट्यूब वापरून वापरून कॅथोडवरचं सीझियम थोडंथोडं कलेक्टरवर जाऊन बसतं आणि त्याचं वर्क फंक्शन खाली आणतं. त्याचा आणखी एक त्रास आहे: असा कलेक्टर स्वतःच प्रकाशात इलेक्ट्रॉन सोडतो, त्यामुळे स्टॉपिंग व्होल्टेजच्या पुढे सुई शून्यावर न थांबता किंचित उलट्या दिशेला जाते. दादाने सुई शून्य ओलांडते ती जागा V₀ म्हणून घेतली असेल तर वाचनं थोडी कमी आलेली असतील.

आईनस्टाईनचं समीकरण प्रयोगाने पडताळणाऱ्या मिलिकन यांना हे सगळं ठाऊक होतं. १९१६ मध्ये त्यांनी लिथियम आणि सोडियमवरची मोजमापं प्रसिद्ध केली. धातूचे तुकडे निर्वात नळीतच ठेवून, आतल्या सुरीने पृष्ठभाग तासून ताजा करून ते वाचन घेत, आणि कॉन्टॅक्ट पोटेन्शियल वेगळं मोजून वजा करत. कलेक्टरसाठी त्यांनी ऑक्सिडाइज केलेल्या तांब्याची जाळी घेतली होती. तिची थ्रेशोल्ड तरंगलांबी एवढी कमी होती की वापरलेल्या प्रकाशात ती स्वतः इलेक्ट्रॉन सोडत नसे. आपल्या प्रॅक्टिकलच्या काळ्या डब्यात यातलं काहीच करता येत नाही.

म्हणून दादाने जर्नलमध्ये h ची किंमत उतारावरून लिहावी आणि १.५ च्या पुढे "कलेक्टरचं परिणामी वर्क फंक्शन" असं लिहावं. कॅथोडचा उंबरठा हवाच असेल तर स्टॉपिंग व्होल्टेजच्या वाटेने जाऊ नये. कलेक्टरला धन व्होल्टेज द्यावं, म्हणजे निघालेला प्रत्येक इलेक्ट्रॉन पोचेल आणि चढाउताराचा प्रश्न राहणार नाही. मग जास्त जास्त तरंगलांबीचे फिल्टर लावत प्रवाह कुठे बंद पडतो ते बघावं. नेहमीच्या संचातला शेवटचा फिल्टर ६३५ चा असतो आणि तिथेही प्रवाह चालूच असतो, त्यामुळे त्याला एवढंच लिहिता येईल: λ₀ > ६३५ नॅनोमीटर, φ < १.९५ ईव्ही.